मॅनेजरला रजेचा अर्ज कसा लिहावा: तारखा, पर्यायी व्यवस्था आणि कामाचे हस्तांतरण

नोकरीत नव्याने लागलेल्या माणसाला चार-पाच दिवसांची रजा पहिल्यांदा मागायची असते, तेव्हा त्याचे सगळे लक्ष कारणाकडे असते. कारण पुरेसे वजनदार वाटेल का, ते किती सविस्तर सांगावे, सांगितले नाही तर गैरसमज होईल का, याच विचारात अर्धा दिवस जातो. अर्ज वाचणारा मॅनेजर मात्र वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. त्या दिवसांत येणारे काम कोण करणार, ते त्या व्यक्तीला खरोखर करता येईल का, आणि आपल्याला स्वतःला त्यात काही करावे लागेल का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. या तिन्हींची उत्तरे अर्जात असतील तर कारणासाठी अर्धे वाक्य पुरते. नसतील तर कारण कितीही खरे आणि कितीही गंभीर असले तरी मॅनेजरला परत प्रश्न विचारावेच लागतात.

हा लेख आधीपासून ठरलेल्या रजेपुरताच आहे. सकाळी अचानक ताप आला किंवा घरी काही अघटित घडले, तर पर्यायी व्यवस्थेचा विचार करत बसण्याची ती वेळ नसते. तेव्हा दोन ओळींचा संदेश पाठवावा आणि बाकीचे नंतर पाहावे.

एक उदाहरण

समजा, केतकी एका कार्यालयाच्या लेखा विभागात सात महिन्यांपासून काम करते आहे. पुरवठादारांची बिले तपासून नोंदवणे, दर शुक्रवारी त्या आठवड्यात द्यायच्या रकमांची यादी तयार करणे, महिना संपला की पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ लावणे आणि पैसे कधी मिळतील असे विचारणाऱ्या ईमेलना उत्तरे देणे, हे तिचे काम आहे. जून महिन्यात तिच्या वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि तिला गुरुवार, 11 जूनपासून बुधवार, 17 जूनपर्यंत रजा हवी आहे. तिच्या कार्यालयात शनिवार आणि रविवार सुटी असते. तिचा पहिला खर्डा असा होता:

> मॅडम, आपल्याला त्रास देत आहे याबद्दल क्षमस्व. माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला असून गेले काही महिने त्यांना दिसण्याचा फार त्रास होत आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर करायला सांगितली आहे. माझा भाऊ परगावी असतो आणि त्याला रजा मिळत नाही, आईला एकटीला दवाखान्याची धावपळ जमत नाही, त्यामुळे मलाच जावे लागेल. सध्या कामाचा ताण आहे हे मला माहीत आहे, पण माझा नाइलाज आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या आठवड्यात साधारण पाच-सहा दिवस रजा मिळाली तर फार बरे होईल. मी लॅपटॉप बरोबर नेईन आणि जमेल तसे काम करीन. कृपया समजून घ्यावे.

या खर्ड्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि तरीही तो वाचून मॅनेजरला काहीच ठरवता येत नाही. तारखा पाचव्या वाक्यानंतर येतात आणि त्याही 'साधारण' आहेत. शुक्रवारच्या यादीचा उल्लेखच नाही. 'जमेल तसे काम करीन' हे आश्वासन वाचायला चांगले वाटते, पण त्यावर विसंबून कोणालाही नियोजन करता येत नाही, कारण काम जमले नाही हे शुक्रवारी दुपारी पुरवठादारांचे पैसे अडकल्यावरच कळेल. शिवाय भावाला रजा मिळत नाही, आईला धावपळ जमत नाही, हे तपशील मांडल्यामुळे चर्चा नकळत तिच्या घराकडे वळते. मॅनेजर भला माणूस असला तरी तो विचारील की शस्त्रक्रिया तर एका दिवसाची असते, मग पाच दिवस कशाला. आणि मग केतकीला वडिलांच्या प्रकृतीची बाजू मांडत बसावे लागेल. आपण कारणाचे जितके तपशील देतो, तितके तपशील तपासण्याचा आणि त्यावर मत देण्याचा अधिकारही आपणच समोरच्याला देऊन टाकतो.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. रजेचा ईमेल मॅनेजरपाशी थांबतोच असे नाही. तो मनुष्यबळ विभागाकडे जातो, कधी वेतनाचा हिशेब करणाऱ्याकडे जातो आणि व्यवस्था कळावी म्हणून संघातल्या इतरांनाही पुढे पाठवला जातो. वडिलांच्या आजाराची माहिती इतक्या लोकांच्या मेलबॉक्समध्ये कायमची राहावी असे केतकीला वाटत असण्याचे काही कारण नाही.

लिहायला बसण्यापूर्वी तारखा पक्क्या करणे

पहिली पायरी कॅलेंडर उघडून बसण्याची आहे. रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि कामावर परत रुजू होण्याचा दिवस, या तीन तारखा वारांसह लिहून काढाव्यात. '11 ते 17' एवढेच लिहिले तर 17 तारीख रजेत धरायची की त्या दिवशी माणूस कामावर येणार, हा घोळ होतोच होतो. रुजू होण्याची तारीख वेगळी लिहिली की तो आपोआप मिटतो. 'पुढच्या गुरुवारपासून' असे कधीही लिहू नये, कारण ईमेल कोणत्या दिवशी वाचला जातो त्यावर पुढचा गुरुवार बदलतो. वार लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की तारीख चुकली असेल तर वार आणि तारीख जुळत नाहीत हे वाचणाऱ्याच्या लगेच नजरेत येते.

त्यानंतर कामाचे दिवस मोजावेत. केतकीच्या बाबतीत गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे पाच दिवस होतात. मात्र काही कार्यालयांत रजेच्या मध्ये येणारी साप्ताहिक सुटीही रजेतच मोजली जाते आणि तसे असेल तर तिच्या खात्यातून सात दिवस वजा होतील. हा नियम आपल्याकडे कसा आहे ते मनुष्यबळ विभागाच्या धोरणात वाचून किंवा विचारून घ्यावे आणि तेवढी रजा शिल्लक आहे का ते पाहावे. नोकरीचे पहिले काही महिने, म्हणजे परिवीक्षेचा काळ चालू असेल, तर कोणत्या प्रकारची रजा घेता येते हेही त्याच वेळी तपासावे. शिल्लक रजा कमी पडत असेल तर उरलेले दिवस बिनपगारी धरावेत का, हे अर्जातच स्पष्ट लिहिलेले चांगले. ते मागाहून पगारपत्रकात उघड होणे कोणालाच सोयीचे नसते.

तिसरी तपासणी संघाच्या कॅलेंडरची आहे. त्या दिवसांत आणखी कोण रजेवर आहे, महिनाअखेर किंवा लेखापरीक्षणाची एखादी तारीख मध्ये येते का, हे पाहावे. केतकीची रजा महिन्याच्या मध्यावर आहे, म्हणून महिनाअखेरीची अडचण नाही. पण 12 जूनचा शुक्रवार बरोबर रजेत येतो. तिच्या अर्जातला खरा विषय हा शुक्रवार आहे.

कामाचे तीन वाटे

आता रजेच्या दिवसांत आपल्या टेबलावर येणारे प्रत्येक काम कागदावर लिहून काढावे आणि त्याचे तीन वाटे करावेत: जाण्यापूर्वी संपवता येईल असे काम, परत येईपर्यंत थांबू शकेल असे काम, आणि त्या दिवसांतच कोणीतरी केले पाहिजे असे काम. ही विभागणी मन लावून केली की तिसरा वाटा अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो.

केतकीची यादी अशी झाली. मे महिन्याचा ताळमेळ ती 9 जूनपर्यंत पूर्ण करू शकते, म्हणून तो पहिल्या वाट्यात गेला. नव्या पुरवठादारांची नोंदणी 18 जूननंतर केली तरी कोणाचे अडत नाही, म्हणून ती दुसऱ्या वाट्यात गेली. 10 तारखेपर्यंत आलेली बिले ती स्वतः नोंदवून जाईल. त्यानंतर येणाऱ्या बिलांची रक्कम पुढच्या आठवड्याआधी द्यावी लागत नाही, म्हणून तीही दुसऱ्या वाट्यात गेली. तिसऱ्या वाट्यात दोनच कामे उरली: 12 जूनची देय रकमांची यादी आणि पुरवठादारांच्या ईमेलना उत्तरे.

अर्जात प्रामुख्याने हा तिसरा वाटा लिहायचा असतो. पहिल्या दोन वाट्यांतले जे काम मॅनेजरच्या नजरेत असते, त्यापुरते एकेक वाक्य पुरेसे होते. आपण करतो ते सगळे काम अर्जात मांडण्याचा मोह टाळावा, कारण लांबलचक यादीत नेमके कोणते काम दुसऱ्याकडे जाते आहे ते वाचणाऱ्याला शोधावे लागते.

पर्यायी व्यक्ती ठरवणे आणि तिचा होकार घेणे

नवख्या माणसाच्या अर्जात सर्वाधिक चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

केतकीच्या मनात पहिले नाव आले ते अविनाश सरांचे, कारण ते दर शुक्रवारी तिची यादी तपासून मंजूर करतात आणि त्यांना हे काम सगळ्यांत चांगले माहीत आहे. पण नेमक्या याच कारणाने ते चालणार नाहीत. पैसे देण्याच्या कामात यादी तयार करणारा आणि ती मंजूर करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, असा नियम बहुतेक लेखा विभागांत असतो, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेखालून जाते आणि गैरव्यवहाराला वाव राहत नाही. अविनाश सरांनीच यादी बनवली तर मंजुरीला दुसरे कोणी शोधावे लागेल. एका जागेची व्यवस्था करताना दुसरी जागा रिकामी होत नाही ना, हे प्रत्येक पर्यायी नावाबद्दल विचारून पाहावे. लेखा विभागाबाहेरही ते लागू पडते: अहवाल लिहिणारा आणि तपासणारा, सामान मागवणारा आणि ते ताब्यात घेणारा, सॉफ्टवेअरमधला बदल करणारा आणि तो पारखणारा, अशा जोड्या पुष्कळ ठिकाणी असतात.

म्हणून केतकीने सुजाता यांना विचारले. त्या त्याच विभागात ग्राहकांकडून येणाऱ्या रकमांचे काम पाहतात आणि शुक्रवारी दुपारी त्यांना तास-दीड तास मोकळा मिळतो. विचारताना तिने 'मी रजेवर असताना माझे काम बघाल का' असे मोघम विचारले नाही. '12 जूनला दुपारी एक यादी तयार करायची आहे, तिला साधारण दीड तास लागेल, आणि पाच दिवस रोज चार-पाच ईमेल येतील' असे तिने सांगितले. कामाचा आकार कळला की होकार देणाऱ्याला तो मनापासून देता येतो, आणि नकार असेल तर तोही वेळेवर मिळतो. सहकाऱ्याला न विचारता त्याचे नाव अर्जात लिहिणे हे मात्र अक्षम्य आहे. मॅनेजर त्या सहकाऱ्याला सहज विचारतो, सहकाऱ्याला काहीच माहीत नसते, आणि अर्जातल्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास तिथेच डळमळतो.

होकार मिळाला तरी एक अडसर उरतो, तो परवानगीचा. सुजाता यांना पैसे देण्याच्या प्रणालीत यादी तयार करण्याचा अधिकार नाही. केतकीने स्वतःचा पासवर्ड त्यांना देऊन ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर ती रजेवर असताना तिच्या नावाने नोंदी होतील आणि त्यांची जबाबदारीही तिच्यावरच येईल. योग्य मार्ग म्हणजे ठरावीक तारखांपुरता अधिकार मागणे. त्याला मॅनेजरची मंजुरी लागते आणि संगणक विभागाला काही दिवस लागतात, त्यामुळे ही मागणी रजेच्या अर्जाबरोबरच पुढे जायला हवी. मॅनेजरला स्वतःला जे करावे लागणार आहे, ते अर्जात वेगळे उठून दिसले पाहिजे.

एखाद्या कामासाठी कोणीच सापडत नसेल तर ते लपवू नये. 'या कामासाठी अद्याप व्यवस्था झालेली नाही. आपण कोणाचे नाव सुचवाल का' असे एक सरळ वाक्य लिहावे. नव्या माणसाला कोणाकडे किती काम आहे हे ठाऊक नसते, ते मॅनेजरला ठाऊक असते. असे विचारण्यात कमीपणा काही नाही.

हस्तांतरण: कधी आणि कसे

काम कोण करील हे सांगणे आणि ते त्याच्यापर्यंत कसे पोहोचेल हे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात दुसऱ्या गोष्टीसाठी फक्त तारीख आणि पद्धत लिहावी. कामाच्या सूचना अर्जात घालू नयेत. कोणती फाइल कुठे आहे आणि कोणत्या पुरवठादाराचे बिल वादात आहे, हे सगळे वेगळ्या टिपणात जाते आणि ते टिपण सामायिक फोल्डरमध्ये राहते. मॅनेजरला टिपण आहे आणि ते कुठे आहे एवढे कळले की पुरे.

रजेच्या आदल्या संध्याकाळी घाईघाईने समजावून सांगणे हे हस्तांतरण म्हणून धरू नये. जे काम आठवड्यातून एकदाच होते, ते आधीच्या खेपेला पर्यायी व्यक्तीने स्वतःच्या हाताने करून पाहणे सर्वांत उपयोगी असते. म्हणून केतकीने ठरवले की शुक्रवार, 5 जूनची यादी सुजाता तयार करतील आणि ती स्वतः शेजारी बसेल. यातून परवानगी खरोखर चालते का हे रजेच्या एक आठवडा आधीच कळते. अधिकार मिळाला आहे असे कागदावर असूनही प्रत्यक्षात एखादे बटण दिसतच नाही, असे प्रकार वरचेवर घडतात आणि ते दुरुस्त करायला मध्ये काही दिवस हाताशी असावे लागतात.

कारण किती लिहावे

नियोजित रजेसाठी 'कौटुंबिक कारणासाठी', 'वैयक्तिक कामासाठी' किंवा 'वैद्यकीय कारणासाठी' एवढे शब्द बहुतेक वेळा पुरतात. ते तारखांच्या वाक्यातच बसवावेत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे वाक्य लागत नाही. खोटे कारण मात्र कधीही लिहू नये. कारण सांगायचे नसेल तर 'वैयक्तिक' हा शब्द पूर्ण खरा आणि पूर्ण सभ्य आहे, त्याच्यापुढे कशाची भर घालावी लागत नाही.

कारणाचा जास्त तपशील द्यावा लागेल असे प्रसंग थोडे आहेत, पण ते आहेत. रजेचा प्रकारच कारणावर ठरत असेल, उदाहरणार्थ प्रसूती रजा किंवा प्रमाणपत्र लागणारी वैद्यकीय रजा, तर नियमात जे मागितले आहे ते द्यावे. प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडे थेट देता येत असेल तर तेच करावे. रजा अगदी आयत्या वेळी मागायची असेल किंवा सगळ्यांच्या रजा बंद असलेल्या काळात मागायची असेल, तर आपण अपवाद मागतो आहोत आणि अपवादाला कारण लागते, हे मान्य करून एक-दोन वाक्ये लिहावीत. आणि कारणामुळे संपर्कावर मर्यादा येत असेल तर कारणाऐवजी ती मर्यादा लिहावी. शस्त्रक्रियेच्या दिवशी आपण दवाखान्यात असू हे सांगण्याची गरज नसते, 'गुरुवारी फोन घेता येणार नाही' एवढे पुरते.

मॅनेजरशी जवळीक असेल आणि घरची परिस्थिती सांगावीशी वाटत असेल, तर ती प्रत्यक्ष भेटीत जरूर सांगावी. माझ्या मते हेच सर्वांत चांगले: बोलण्यात आपुलकी असावी आणि लेखी अर्जात व्यवस्था असावी.

माफी मागण्याबद्दलही थोडे लिहायला हवे. नियमानुसार मिळणारी रजा, पुरेशी आधी आणि व्यवस्था लावून मागताना क्षमा मागण्यासारखे काही नसते. 'त्रास देत आहे', 'माझा नाइलाज आहे', 'कृपया समजून घ्यावे' ही वाक्ये काढून टाकली तर अर्जाची नम्रता कमी होत नाही. ती 'नमस्कार', 'कृपया' आणि 'आपण' या शब्दांत पुरेशी असते.

पूर्ण अर्ज

एवढी तयारी झाली की लिहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. केतकीने सोमवार, 25 मे रोजी पाठवलेला अर्ज असा:

> विषय: रजेचा अर्ज – गुरुवार, 11 जून ते बुधवार, 17 जून (5 कामाचे दिवस)
>
> नमस्कार मॅडम,
>
> कौटुंबिक कारणासाठी मला गुरुवार, 11 जून ते बुधवार, 17 जून अशी पाच कामाच्या दिवसांची रजा हवी आहे. गुरुवार, 18 जून रोजी मी कामावर रुजू होईन.
>
> 12 जूनची देय रकमांची यादी सुजाता तयार करतील आणि पुरवठादारांच्या ईमेलना त्याच उत्तरे देतील. त्यांनी यास होकार दिला आहे. यादीची मंजुरी नेहमीप्रमाणे अविनाश सरांकडे राहील.
>
> 5 जूनची यादी सुजाता माझ्या उपस्थितीत तयार करतील. लेखी टिपण मी 10 जूनला सामायिक फोल्डरमध्ये ठेवीन. मे महिन्याचा ताळमेळ 9 जूनपर्यंत पूर्ण करीन. नव्या पुरवठादारांची नोंदणी 18 जूननंतर करीन.
>
> आपल्याकडून एक मंजुरी हवी आहे: सुजाता यांना 4 ते 17 जून या काळापुरता यादी तयार करण्याचा अधिकार. तशी विनंती प्रणालीत नोंदवली आहे.
>
> 11 जूनला मी फोनवर उपलब्ध नसेन. इतर दिवशी तातडीचे काही असल्यास संध्याकाळी 5 ते 6 या वेळेत फोन करता येईल.
>
> शुक्रवार, 29 मेपर्यंत आपला निर्णय कळल्यास अधिकाराची कार्यवाही वेळेत होईल.
>
> आपली,
> केतकी

विषयाची ओळ एवढी नेमकी असण्याचे कारण असे की दोन आठवड्यांनी मॅनेजरला केवळ तारीख आठवायची असते आणि तेव्हा ईमेल उघडावाही लागू नये. 'रजेबाबत' किंवा 'विनंती' अशा विषयाचे ईमेल त्या वेळी सापडत नाहीत. निर्णयासाठी मागितलेली तारीखही कारणासह दिली आहे. तसे नसते तर ती घाई वाटली असती. संपर्काच्या बाबतीत 'केव्हाही फोन करा' असे लिहिलेले नाही, कारण ते पाळता येत नाही आणि पाळले तर रजा रजा राहत नाही. ज्यांना अजिबात संपर्क नको असेल त्यांनी तसे स्पष्ट लिहावे आणि तातडीच्या वेळी कोणाला विचारायचे ते नाव द्यावे.

एक-दोन दिवसांच्या रजेसाठी हाच साचा तीन-चार वाक्यांत बसतो: तारीख, रुजू होण्याचा दिवस, त्या दिवशी देय असलेले एखादे काम आणि ते कोण पाहील. त्या दिवशी काहीच देय नसेल तर तेही लिहावे, म्हणजे ते तपासलेले आहे हे समजते.

पाठवण्यापूर्वी अर्ज एकदा मोबाइलच्या पडद्यावर वाचून पाहावा, कारण पुष्कळ मॅनेजर तो तिथेच वाचतात. तारखा, रुजू होण्याचा दिवस आणि शक्यतो पर्यायी व्यक्तीचे नाव पहिल्याच पडद्यावर दिसले पाहिजे. प्रतीमध्ये सुजाता यांचा पत्ता ठेवावा, म्हणजे त्यांच्या नावावर काय लिहिले आहे ते त्यांनाही दिसते.

पाठवल्यानंतर

बहुतेक कार्यालयांत रजा प्रणालीतही नोंदवावी लागते आणि केवळ ईमेलवर मिळालेला होकार वेतनाच्या हिशेबात धरला जात नाही. मॅनेजरची पद्धत विचारून घ्यावी. काहींना आधी ईमेल हवा असतो, काहींना दोन्ही एकदमच हवे असते. प्रणालीतल्या तारखा ईमेलमधल्या तारखांशी जुळतात का ते नक्की पाहावे. तिथे कारणाचा रकाना असतो, त्यात 'कौटुंबिक' हाच शब्द लिहावा.

मॅनेजरने 'सगळे ठीक आहे ना' असे विचारले तर ती बहुधा चौकशी नसून काळजी असते. 'हो, घरचे एक काम आहे, आधीपासून ठरलेले' एवढे उत्तर पुरते. खोदून विचारले तरी आवाज न चढवता तेच उत्तर पुन्हा द्यावे आणि बोलणे व्यवस्थेकडे वळवावे: 'शुक्रवारच्या यादीबद्दल आपल्याला काही शंका आहे का?'

उत्तर आलेच नाही तर गप्प राहणे म्हणजे होकार असे समजू नये. 29 मे उलटल्यावर सोमवारी त्याच ईमेलच्या साखळीत एक वाक्य लिहावे: 'मॅडम, 11 ते 17 जूनच्या रजेबाबत आपला निर्णय कळवावा, 5 तारखेच्या सरावासाठी अधिकार लागणार आहे.' नवा ईमेल नव्या विषयाने सुरू केला तर मागचा संदर्भ तुटतो.

नकार आला तर आधी तो कशाला आहे हे समजून घ्यावे. व्यवस्थेला असेल, उदाहरणार्थ 12 तारखेला सुजाता यांना दुसरे काम दिले जाणार असेल, तर दुसरे नाव किंवा यादी 10 जूनलाच तयार करून ठेवण्याचा पर्याय मांडता येतो. तारखांना असेल, तर कोणते दिवस हलवता येतात आणि कोणते येत नाहीत हे स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेचा गुरुवार हलणार नाही, पण मंगळवार आणि बुधवार सोडता येतील, असे केतकी म्हणू शकते. हलवता न येणाऱ्या दिवसासाठी आता थोडे अधिक कारण सांगण्यात काही गैर नाही, कारण आता प्रश्न खरोखर त्या दिवसाचाच आहे.

मंजुरीनंतर तारखा बदलल्या, आणि दवाखान्याच्या तारखा बदलतात, तर त्याच साखळीत विषयाच्या सुरुवातीला 'बदल' हा शब्द जोडून नव्या तारखा, रुजू होण्याचा नवा दिवस आणि व्यवस्थेत काय बदलले ते लिहावे. शस्त्रक्रिया एक आठवडा पुढे गेली तर 12 ऐवजी 19 जूनची यादी सुजाता यांच्याकडे जाईल आणि त्यांचा अधिकार 24 जूनपर्यंत वाढवावा लागेल, म्हणून हे कळवण्याआधी सुजाता यांना पुन्हा विचारले पाहिजे. त्यांचा आधीचा होकार 12 तारखेसाठी होता.